सोलाण्याची मूठ : एक रसग्रहण

जाड, काळी, रबरी मूठ. तिच्या पुढच्या भागात, अंगठा आणि तर्जनी जिथे टेकतात तिथे, दोन्ही बाजूंना पातळ रबरी पट्ट्यांची रांग. मागच्या टोकाला मोठं भोक. पुढे स्टीलचं हलतं पातं आणि त्याच्यावर कमानीसारखी वळलेली प्लास्टिकची पट्टी. ऑक्सो या अमेरिकन कंपनीचं ‘गुड ग्रिप्स’ नावाचं सोलाणं एवढंच आहे. 1990 साली ते बाजारात आलं आणि काही वर्षांतच न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात जाऊन बसलं. संग्रहालयात ठेवण्याजोगं त्याच्यात काय आहे, हे काचेबाहेरून कळत नाही. ओल्या हातात धरून बटाटा सोलायला घेतला की कळू लागतं.

त्याची जन्मकथा बहुधा अशी सांगतात. सॅम फार्बर हे भांडीकुंडी बनवणारे उद्योजक. 1960 साली त्यांनी कॉपको ही कंपनी काढली, पुढे विकली आणि ते निवृत्त झाले. दक्षिण फ्रान्समध्ये भाड्याने घेतलेल्या घरात त्यांची पत्नी बेट्सी टार्टसाठी सफरचंदं सोलत होती. तिच्या हातांना संधिवात होता आणि धातूचं सोलाणं तिला धरवत नव्हतं. फार्बर यांनी न्यूयॉर्कच्या ‘स्मार्ट डिझाइन’ या संस्थेतल्या डेव्हिन स्टोवेल यांना गाठलं. पुढे जे घडलं त्यातून हे सोलाणं आणि त्याच मुठीची आणखी अवजारं आली. या कथेला दुसरीही एक बाजू आहे. तिच्याकडे येईनच, पण आधी वस्तू नीट वाचू.

जुनं सोलाणं आठवा. पत्र्याची अरुंद पट्टी गोल वळवून केलेली मूठ, आत पोकळ, कडा बाहेर आलेल्या. असल्या मुठीला पंजा पुरता वेढा घालू शकत नाही. बोटं मिटत जातात आणि शेवटी सगळा भार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीवर येतो. संधिवाताच्या हाताचं दुखणं नेमकं या चिमटीत असतं. चिमटीच्या टोकाशी एक किलोचा दाब दिला तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे 12 पट दाब येतो, असा हाताच्या अभ्यासकांचा हिशोब आहे. निरोगी सांध्याला त्याची जाणीवही होत नाही. त्या सांध्यातली कूर्चा झिजलेली असेल तर दुसऱ्या सफरचंदापाशीच हात थांबतो.

शिवाय साल काढताना पातं सालीत अडतं आणि मूठ हातातल्या हातात फिरू पाहते. तिला फिरू न देण्यासाठी आपण नकळत आवळून धरतो. मूठ जितकी बारीक तितकं जास्त आवळावं लागतं, कारण घर्षणाला फिरणं अडवण्यासाठी मिळणारा पल्ला तेवढाच तोकडा असतो. त्यात हात ओला आणि बटाटा चिकट असेल तर घर्षणही घटतं आणि आवळणं आणखी वाढतं. म्हणजे ज्या माणसाला कमीत कमी आवळायला हवं त्यालाच हे अवजार जास्तीत जास्त आवळायला लावतं. आता नव्या मुठीकडे पाहिलं की तिची एकेक गोष्ट या एकेका मागणीचं उत्तर म्हणून समोर येते.

ती जाड आहे, म्हणून बोटं अर्धवट मिटलेल्या स्थितीतच तिच्याभोवती बसतात आणि भार चिमटीतून तळव्यावर सरकतो. तिचा छेद गोल नाही, लंबगोल आहे. गोल दांडा हातात फिरतो, लंबगोल फिरत नाही. तो आकारानेच अडतो. जे काम आवळून करावं लागत होतं ते आकाराने स्वतःकडे घेतलं. मला या वस्तूतली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते, कारण ती डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. शिवाय लंबगोलामुळे न पाहताही पातं कोणत्या बाजूला आहे ते तळव्याला समजतं. अंधुक दिसणाऱ्या माणसाच्या हातात धारेचं अवजार देताना ही माहिती फार मोलाची असते.

मुठीचं रबर सॅन्टोप्रीन नावाचं. ते 1980च्या दशकातलं नवं साहित्य होतं: रबरासारखं मऊ, पण प्लास्टिकसारखं वितळवून साच्यात ओतता येणारं. पाणी, तेल आणि भांडी धुण्याच्या यंत्रातली उष्णता ते सोसतं. ओल्या हाताला त्याची पकड सुटत नाही, त्यामुळे घर्षण घटल्यावर वाढणारं आवळणं इथे वाढत नाही.

मग त्या पट्ट्या. त्यांची कल्पना सायकलच्या हँडलवरच्या रबरी मुठींवरून सुचली असं सांगतात. पातळ पट्ट्या बोटाखाली दबतात आणि प्रत्येकाच्या बोटाचा आकार घेतात. सुजलेल्या सांध्याच्या बोटाला आणि लहान मुलाच्या बोटाला तीच मूठ वेगवेगळी बसते. त्या इतक्या पातळ, सारख्या अंतरावर आणि न फाटता साच्यातून बाहेर काढणं सोपं नव्हतं; ते काम जपानी कारखान्याकडे गेलं. पण पट्ट्यांचं दुसरं काम मला पहिल्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. अंगठा कुठे ठेवायचा ते त्या सांगतात, आणि तेही स्पर्शाने. मुठीवर कुठेही सूचना नाही, बाण नाही, चिन्ह नाही. हात फिरवला की गुळगुळीत भाग संपतो, पट्ट्या लागतात आणि बोटं आपोआप तिथे थांबतात. दुकानातही त्यांनी हेच केलं. टांगलेल्या सोलाण्यांमधून जाणारा माणूस त्या पट्ट्या दाबून पाहायला थबके, आणि एकदा दाबून पाहिल्यावर त्याला आणखी काही पटवावं लागत नसे.

मागचं मोठं भोक टांगण्यासाठी आहे. जाड मुठीचं वजन त्याने कमी होतं, आणि इतकी जाड मूठ डोळ्यांना बोजड वाटत नाही हेही त्याचंच काम. थरथरत्या हाताला खुंटीवर अडकवताना मोठं भोक लवकर सापडतं, लहान भोक शोधावं लागतं.

पात्याकडे येताना एक संयम दिसतो. मधून फट असलेलं, अक्षाभोवती हलणारं पातं त्यांनी शोधलेलं नाही. ते जुनंच आहे. फळाच्या वळणाप्रमाणे पातं स्वतः झुकतं, म्हणून मनगट वळवावं लागत नाही. फटीच्या दोन्ही कडांना धार असल्याने डावखुऱ्यालाही ते चालतं. इतकी चांगली गोष्ट हाती असताना तिला हात लावायचा नाही, हे ओळखणं सोपं नाही. नवं करायला बसलेला माणूस आधी तेच बदलायला जातो. यांनी फक्त धार सुधारली, कारण बोथट पात्यासाठी जोर लावावा लागतो, जोर लावला की पातं निसटतं आणि निसटलेलं पातं बोटात जातं. अशक्त हाताला बोथट अवजार द्यावं, म्हणजे इजा होणार नाही, हा आपला नेहमीचा समज. धारेच्या बाबतीत तो उलटा ठरतो. पात्यावरची प्लास्टिकची कमान बोटाला आडोसा देते आणि तिचं टोक बटाट्याचे डोळे काढायला उपयोगी पडतं.

हे सगळं एका बैठकीत सुचलेलं नाही. स्मार्ट डिझाइनच्या लोकांनी संधिवाताच्या रुग्णांबरोबर वेळ काढला, त्यांना स्वयंपाकघरात काम करताना पाहिलं. त्यांना पॅट्रिशिया मूर यांची मदत झाली. मूर या औद्योगिक डिझाइनर. विशीत असताना, 1979 ते 1982 या काळात, त्या ऐंशीच्या पुढच्या बाईचं सोंग घेऊन अमेरिकेत फिरल्या होत्या. डोळ्यांपुढे धूसर काचा, कानांत बोळे, सांध्यांना वळू न देणारे पट्टे. म्हातारपण कसं दिसतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्या शरीराने दार कसं उघडायचं, जिना कसा उतरायचा, हे त्यांना आतून कळून घ्यायचं होतं.

पाहण्यातून या गटाने जी मांडणी केली ती मला फार आवडते. त्यांनी अवजारांची नावं बाजूला ठेवली आणि हाताच्या हालचाली धरल्या: पिळणं-फिरवणं, ढकलणं-ओढणं आणि दाबणं. सोलाणं, डाव, डबा उघडणी, कात्री या वस्तू दुकानात वेगळ्या फळ्यांवर असतात, पण मनगटाच्या दृष्टीने त्यांतल्या काही एकच असतात. अशी वाटणी झाली म्हणूनच एका मुठीवर सगळी मालिका उभी राहू शकली. बाजारात पहिल्यांदा आणताना त्यांच्याकडे 15 वस्तू होत्या.

दुसरा निर्णय विक्रीचा. हे सोलाणं त्यांनी रुग्णांसाठीचं साधन म्हणून औषधांच्या दुकानात ठेवलं नाही. साध्या सोलाण्याच्या कित्येक पट किंमत लावून ते स्वयंपाकाच्या वस्तूंमध्येच मांडलं. यामुळे संधिवात असलेल्या बाईला ‘अपंगांसाठीची वस्तू’ मागावी लागली नाही, आणि संधिवात नसलेल्यांनीही ती भरभरून घेतली. ओला, साबण लागलेला किंवा दमलेला हात हा प्रत्येकाचाच कधी ना कधी दुबळा हात असतो.

आपल्या स्वयंपाकघरातून पाहिलं तर या मुठीची मर्यादाही स्पष्ट दिसते. विळीचं पहा. तिथे पातं स्थिर असतं, पाट गुडघ्याखाली किंवा पायाखाली दाबलेला असतो आणि दोन्ही हात भाजीला मोकळे असतात. चिमटीत काही धरून फिरवायचं नसतं. शरीराचं वजनच अवजार धरून ठेवतं. बोटांच्या संधिवातासाठी ही रचना किती सोयीची! पण तिची किंमत गुडघे देतात. खाली बसता येत नसेल, किंवा बसल्यावर उठता येत नसेल, तर विळी हातातून जाते. ओट्यावर क्लँपने घट्ट करायची उभ्याची विळी याच अडचणीतून आली असावी असं तिच्याकडे पाहून वाटतं. प्रत्येक अवजार शरीराच्या कुठल्या ना कुठल्या भागाकडे कर मागतं. सोलाणं बोटांकडे मागतं, विळी गुडघ्यांकडे. कोणाच्या शरीरात कुठला भाग तो भरू शकतो, हे पाहिल्याशिवाय चांगलं अवजार कोणतं ते सांगता येत नाही.

म्हणून ही गुबगुबीत मूठही सगळ्यांसाठी नाही. पक्षाघाताने एक हात निकामी झालेल्या माणसाला तिचा काहीच उपयोग नाही, कारण त्याची अडचण सोलाणं धरण्याची नाही, बटाटा धरण्याची आहे. त्याच्यासाठी वेगळी वस्तू असते: स्टीलचे खिळे वर काढलेला कापण्याचा पाट, खाली ओट्याला चिकटणाऱ्या रबरी वाट्या. बटाटा खिळ्यांवर खुपसायचा, तो हलत नाही, आणि चांगल्या हाताने सोलायचा. काम तेच, फळ तेच, पण अडचणीची जागा बदलली की वस्तू पार वेगळी होते. ‘सोलायला त्रास होतो’ एवढं ऐकून जाड मूठ बनवायला बसणारा इथे हमखास चुकतो.

आता बेट्सी फार्बर. वर सांगितलेल्या कथेत ती फक्त दुखऱ्या हातांची बाई आहे. नवरा पाहतो, त्याला दया येते, तो उपाय काढतो. पण बेट्सीचं शिक्षण वास्तुरचनेचं होतं, आणि हातात सुखाने बसणारी अवजारं करण्याची मूळ कल्पना आपली होती, असं तिचं म्हणणं होतं. इतिहासात आपली नोंद ही कल्पना सुचलेली बाई म्हणून होणार नाही, संधिवात झालेली बाई म्हणून होईल, अशी खंत तिने बोलून दाखवली होती. अपंगत्वाच्या प्रश्नांवर लिहिणाऱ्या लिझ जॅक्सन यांनी 2018 साली न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात ही बाजू पुढे आणली.

ही बाजू कळल्यावर मूठ वेगळी वाचली जाते. अंगठ्याखालच्या पट्ट्या, न फिरणारा छेद या गोष्टी नुसत्या बाहेरून पाहून किती सापडल्या असत्या? ज्याला दुखतं त्याचा हात आधीच शोध लावत असतो. घराघरांत त्याच्या खुणा असतात: चमच्याच्या दांड्याला गुंडाळलेली चिंधी, नळाच्या चावीला बांधलेला कापडाचा बोळा, डब्याच्या झाकणाला ताणून बसवलेलं रबर, मिठाच्या बरणीला बांधलेला दोरा म्हणजे ती साखरेच्या बरणीपासून वेगळी ओळखू यावी. पाहायला आलेल्या माणसाला या गोष्टी गबाळेपणा वाटतात. खरं तर त्या घडवून, वापरून सिद्ध झालेल्या वस्तू असतात; साचा आणि कारखाना तेवढा मिळालेला नसतो. चमच्यावरची चिंधी आणि सॅन्टोप्रीनची मूठ यांची कल्पना एकच आहे.

मग बाहेरून पाहणाऱ्याचं काम काय उरतं? जिथे त्रास इतका अंगवळणी पडलेला असतो की तो सोसणाऱ्यालाही दिसत नाही, तिथे. याचं सुंदर उदाहरण त्याच कंपनीच्या मापाच्या भांड्यात आहे. खेळणी डिझाइन करणाऱ्या एका गटाने ही कल्पना ऑक्सोकडे आणली. मापाच्या काचेच्या भांड्यात काय खटकतं, असं विचारलं की लोक सांगत: मूठ गुळगुळीत आहे, काच फुटते, गरम होते. पण मोजून दाखवा म्हटलं की दिसे ते वेगळंच. बाई पाणी ओते, भांडं ओट्यावर ठेवी, कमरेत वाके, आकड्याच्या पातळीला डोळे आणी, पाहे, उभी राही, आणखी थोडं ओते, पुन्हा वाके. कोणीही ‘वाकावं लागतं’ ही तक्रार केली नव्हती. मोजणं म्हणजे वाकणं, असंच सगळ्यांनी धरलेलं होतं.

वाकावं का लागतं? उभ्या भिंतीवरचा आकडा वरून पाहिला तर पाण्याची रेषा खरी कुठे टेकते ते तिरक्या नजरेला चुकीचं दिसतं. नव्या भांड्यात आतल्या बाजूने एक उतरती पट्टी आहे आणि आकडे त्या उतारावर आहेत. पाणी चढत जातं तशी त्याची कड उतारावरच्या आकड्याला टेकते. रेषा आणि आकडा एकाच जागी आल्याने वरून पाहिलं तरी फरक पडत नाही. दुखऱ्या कमरेच्या, कुबड्या घेतलेल्या किंवा तोल सांभाळणाऱ्या माणसाला ओततानाच माप कळतं. भिंतीवरचे आकडे उतारावर नेले, एवढाच बदल.

कमी दिसणाऱ्याला मात्र हे भांडं अर्धीच मदत करतं. पारदर्शक भांड्यातल्या पाण्याची कड त्याला दिसेलच असं नाही, आणि आकडा वाचायला तो चेहरा जवळ नेतो तेव्हा खाली उकळतं पाणी असेल तर वाफ तोंडावर येते. दूध दिसेल, कारण ते पांढरं. पाणी दिसणार नाही. अगदीच न दिसणाऱ्यासाठी डोळ्याची बाजू सोडून कानाकडे जावं लागतं. कपाच्या कडेला अडकवायचं एक छोटं यंत्र मिळतं. त्यातून कमी-जास्त लांबीच्या धातूच्या काड्या आत लोंबतात. पातळी पहिल्या काडीला लागली की तुटक आवाज येतो, वरच्या काडीला लागली की सलग. दोन आवाज का? ब्रिटिश पद्धतीच्या चहात आधी पाणी आणि वरून दूध पडतं, म्हणून पहिला आवाज दुधाला जागा ठेवायला सांगतो. आपल्या घरात दूध-पाणी एकत्रच उकळतं, तिथे तो पहिला आवाज ‘आता हळू ओत’ एवढंच सांगेल. हे यंत्र द्रवातून वाहणाऱ्या विजेवर चालतं. पाणी, चहा, दूध वीज वाहून नेतात, म्हणून ते बोलतं. तेल वीज नेत नाही, म्हणून कढईत तेल ओतताना ते गप्प राहतं. तेल ओततानाच ज्याला आवाजाची सगळ्यात जास्त गरज, त्याला ते फसवेल. हे आधी ठाऊक असलंच पाहिजे.

सोलाणं, खिळ्यांचा पाट आणि मापाचं भांडं शेजारी ठेवलं की अशी वस्तू जोखण्याची एक कसोटी हाती येते. क्रियेतला नेमका क्षण तिने धरला आहे का? सोलाण्याने मूठ फिरू पाहते तो क्षण धरला. खिळ्यांच्या पाटाने बटाटा घरंगळतो तो क्षण धरला, मापाच्या भांड्याने कमरेचं वाकणं. ‘ज्येष्ठांसाठी सोपं’ असं लिहिलेल्या पुष्कळ वस्तू यात नापास होतात, कारण त्यांत मोठं बटण आणि मोठी अक्षरं असतात, पण कोणत्या क्षणी कोणतं बोट थांबलं ते त्यांच्यात कुठे दिसत नाही. आणि तो क्षण सांगणाऱ्याचं नाव वस्तूवर नसलं तरी ती घडवणाऱ्यांत त्याला जागा हवी. हात दुखतो तो ज्याचा, त्याला रुग्ण म्हणून समोर बसवलं की मिळते ती तक्रार; घडवणारा म्हणून शेजारी बसवलं की मिळते ती मूठ.